नवशिक्यांच्या आसनक्रमाच्या स्लाइड: कंबरदुखीवाल्यांसाठी सूचना नेमकी काय लिहावी?

मांजराकाठची
नमस्कार मंडळी. मी लातूरजवळच्या एका गावात सकाळी बायकांचा योगवर्ग घेते. सोयाबीनची काढणी आली की वर्ग ओस पडतो, ते साहजिकच आहे. त्या दिवसांत घरच्या घरी जमेल तेवढं करता यावं म्हणून इन्स्टाग्रामसाठी एक कॅरोझेल तयार करते आहे. चित्रं भाची काढते, मजकूर माझा. हीच चित्रं वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावरही जातील. मजकूर असा आहे:

स्लाइड १: नवशिक्यांसाठी ७ आसनं, २० मिनिटं. पोट रिकामं, खाली सतरंजी किंवा चटई.
स्लाइड २, पाठीवर पडून श्वास: गुडघे वाकवलेले, तळपाय जमिनीवर, एक हात पोटावर. नाकाने श्वास घ्या, पोट वर येईल. सोडा, पोट खाली जाईल. १० वेळा.
स्लाइड ३, पवनमुक्तासन, एकेका पायाने: श्वास सोडत गुडघा छातीकडे, श्वास घेत पाय परत. दोन्हीकडे ५ वेळा.
स्लाइड ४, सेतुबंधासन: श्वास घेत कंबर वर. थांबा, ५ मोजा. श्वास सोडत खाली.
स्लाइड ५, मार्जरासन: हात-गुडघ्यांवर या. श्वास घेत पोट खाली, नजर समोर. श्वास सोडत पाठ गोल, हनुवटी आत. ८ वेळा.
स्लाइड ६, भुजंगासन: पालथं पडून श्वास घेत छाती वर. थांबा, ५ मोजा. श्वास सोडत खाली.
स्लाइड ७, शशांकासन: वज्रासनात बसून श्वास सोडत पुढे वाका, कपाळ जमिनीला. ५ श्वास.
स्लाइड ८, शवासन: ५ मिनिटं.
स्लाइड ९, सूचना: कंबरदुखी असेल तर पुढे वाकू नका. गुडघेदुखी असेल तर वज्रासन नको. बीपी, काचबिंदू, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

माझी अडचण शेवटच्या स्लाइडवर आहे. वर्गातल्या जवळपास प्रत्येकीची कंबर दुखते. वर्गात मी समोर असते, चेहरा बघून थांबवते. चित्र कुणाला थांबवत नाही. कंबरदुखीची ती एक ओळ पुरेशी आहे का?

भोकरदनकर
ताई, उत्तम उपक्रम. ओळ बरोबर आहे, फक्त तिच्यापुढे अजून एक जोडा: "पुढे वाकू नका, भुजंगासन रोज करा." माझी स्वतःची चकती सरकली होती. डॉक्टरांनी पुढे वाकणं बंद करायला सांगितलं आणि भुजंगासनावर मी उभा राहिलो. आज पोतं उचलतो. कंबरदुखीवर भुजंगासन रामबाण आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. शेतातल्या माणसाची कंबर दिवसभर पुढे वाकून वाकून जाते, तर तिला उलट दिशेने वाकवणं हाच उपाय. यात गुंतागुंतीचं काही नाही.

दुधनाकाठ
इथं मला आमच्या दाजींचं सांगायचंय. वय साठीच्या घरात, आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं. कंबर दुखती म्हणून मोबाईलवर बघून भुजंगासन सुरू केलं. महिनाभरात पायच चालंनात. आता देवळापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. पाय जड होतेत, पोटऱ्या भरून येतेत, ओट्यावर बसलं की दोन मिनिटांत मोकळे. सायकलवर मात्र शेतापर्यंत आरामात जातेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून "मणक्यात गॅप आहे" म्हणून सांगितलं. भोकरदनकर दादा, तुमचं रामबाण आमच्या दाजींना का लागू पडलं नाही?

भोकरदनकर
चुकीच्या पद्धतीनं केलं असेल. मान मागं टाकली असेल, किंवा हाताच्या जोरावर उचललं असेल. समोर गुरू असल्याशिवाय करू नये ते याचसाठी.

गोदाकाठ_फिजिओ
मी नांदेडला फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांचंही खरं आहे, कारण दोघांच्या कंबरा वेगळ्या आजाराच्या आहेत. ताईंच्या त्या एका ओळीची अडचणही हीच आहे.

भोकरदनकर, तुमचं दुखणं चकतीचं. अशा माणसाला बसल्यावर, वाकल्यावर, खोकल्यावर किंवा शिंकल्यावर जास्त दुखतं. कळ ढुंगणातून मांडीत, कधी पोटरीत, कधी पार पावलापर्यंत उतरते. उभं राहून चार पावलं चाललं की बरं वाटतं. यांतल्या पुष्कळ जणांना पालथं पडून छाती हळूहळू उचलण्याने फायदा होतो. पुष्कळ जणांना, सगळ्यांना नाही.

दुधनाकाठ यांनी दाजींचं जे सांगितलं ते जवळजवळ उलटं आहे. उभं राहिलं, चाललं की वाढतं, बसलं की उतरतं, आणि सायकलवर काही होत नाही, कारण सायकलवर माणूस पुढे झुकलेला असतो. वयाबरोबर मणक्याची नळी अरुंद होते, तेव्हा हे असं दिसतं. मागे वाकलं की ती नळी आणखी चिमटते, पुढे वाकलं की थोडी मोकळी होते. दाजींनी भुजंगासन अगदी शास्त्रशुद्ध केलं असतं तरी पाय जडच झाले असते. त्यांच्यासाठी पाठीवर पडून गुडघे छातीकडे घेणं हा आराम आहे, आणि ताईंची स्लाइड म्हणते कंबरदुखी असेल तर पुढे वाकू नका.

दाजींच्या बाबतीत एक तपासून घ्या. नुसतं उभं राहिलं तरी पाय मोकळे होतात, की बसावंच लागतं? तंबाखू किंवा बिडी असेल, आणि चालताना पोटरीत पेटके येऊन नुसतं उभं राहिल्यावर थांबत असतील, तर दुखणं मणक्याचं नसून पायाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं. त्या माणसाला सायकलवरही दुखतं. "मणक्यात गॅप" हे साध्या एक्स-रेवर पन्नाशीनंतर खूप जणांना दिसतं, दुखत नसलेल्यांनासुद्धा. त्यावरून कुठलं आसन करायचं ते ठरत नाही.

दुधनाकाठ
बसावंच लागतंय. उभं राहून काही फरक पडत नाही. बिडी नाही. धन्यवाद डॉक्टर, त्यांना घेऊन येतो.

औंढ्याची_लेक
छान क्रम आहे ताई. यानं पोट किती दिवसांत कमी होईल? आणि सूर्यनमस्कार का घेतले नाहीत? माझ्या जावेचं त्यानं कमी झालं.

मांजराकाठची
औंढ्याची_लेक, हा क्रम वजनासाठी नाही गं, आखडलेली पाठ मोकळी करायला आणि श्वास लागायला आहे. सूर्यनमस्कारात पुढे वाकणं आणि मागे वाकणं एकापाठोपाठ एक, भराभर येतं. वर जी चर्चा चालली आहे तिच्यामुळेच ते नवशिक्यांना पहिल्या महिन्यात मी देत नाही.

गोदाकाठ सर, मग सूचनेत काय लिहू? माझ्या वर्गात दोन्ही तऱ्हेच्या बाया आहेत. एक पस्तिशीची आहे, परभणीकडची, माहेरी कापूस वेचायला जाते. तिला वाकलं की कळ पोटरीपर्यंत जाते. दुसऱ्या दोघी सासवांच्या वयाच्या, त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या की भिंत शोधतात. त्यांना मी निदान कसं सांगणार?

गोदाकाठ_फिजिओ
निदान सांगूच नका. स्लाइडवर प्रश्न विचारा, उत्तर ज्याचं त्याला माहीत असतं. मी असं लिहिलं असतं:

"बसल्यावर-वाकल्यावर कंबर जास्त दुखते? ३ आणि ७ सोडा. ५ मध्ये पाठ गोल करू नका."
"उभं राहिल्यावर-चालल्यावर जास्त दुखते, बसलं की बरं वाटतं? ६ सोडा. ४ मध्ये कंबर थोडीच उचला."

आजाराचं नाव नको, एमआरआय नको. आणि हे शेवटच्या स्लाइडवर नको, दुसऱ्या स्लाइडवर घ्या.

आता तुमच्या कापूस वेचणाऱ्या बाईंचं सविस्तर बघू, कारण भुजंगासनाची स्लाइड तिच्यासारखीसाठीच नीट लिहायला हवी. तिला पहिल्या दिवशी छाती उचलायला लावू नका. आधी नुसतं पालथं पडू द्या, कपाळ हातांवर, दोन-तीन मिनिटं. एवढ्यानेच पोटरीतली कळ वर मांडीकडे सरकते का ते विचारा. मग कोपरांवर टेकून, पोट जमिनीला, दहा संथ श्वास. पुन्हा विचारा कळ कुठे आहे. पोटरीतून मांडीत, मांडीतून ढुंगणात, तिथून कंबरेच्या मधोमध, असं दुखणं वर वर सरकत असेल तर दिशा बरोबर आहे, मग कंबर जागेवर थोडी जास्त दुखली तरी घाबरायचं नाही. उलट कंबर हलकी वाटली पण कळ पोटरीतून पावलात उतरली, मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबायचं. लोक हे नेमकं उलटं समजतात. कंबर थांबली म्हणून खूश होतात आणि पाय बधिर होत जातो त्याच्याकडे लक्ष देत नाहीत.

कोपरांवरचं तीन-चार दिवस बरं गेलं, तरच तळहातांवर यायचं, तेही कोपर थोडे वाकलेले ठेवून.

मांजराकाठची
हे फार उपयोगी आहे. म्हणजे स्लाइड ६ वर मूळ आसन म्हणून कोपरांवरचंच दाखवते, पूर्ण भुजंगासन काढून टाकते. चित्रात पायावर बाण काढता येईल: वर सरकणारा बाण हिरवा, खाली उतरणारा लाल. वाचता न येणारीलाही कळेल.

बालाघाटी
बीड जिल्ह्यातून. आमच्याकडं ऊसतोडीला जाणारी माणसं सहा-सहा महिने वाकलेलीच असतात, वरून डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढायचं. परत आली की प्रत्येकाच्या मांडीमागं आखडलेलं असतं. मी शाळेत पीटी शिकवतो. माझा अनुभव असा की मांडीमागची शीर रोज ताणली की मोकळी होते. पाय सरळ करून पाठीवर पडायचं, पायाला उपरणं अडकवून ओढायचं. ताण लागला की थोडं अजून ओढायचं. दुखलं तर दुखू द्यायचं, पंधरा दिवसांत फरक पडतो. ताईंच्या क्रमात हे नाही, घालावं.

गोदाकाठ_फिजिओ
सर, यातला निम्मा भाग मला मान्य आहे. स्नायू आखडला असेल तर उपरण्याने ओढणं चांगलंच. पण मांडीमागे जे ओढतं ते दर वेळी स्नायूच असतं असं नाही. कंबरेतून निघालेली नस चिडलेली असली तरी तिथेच ओढतं, आणि चिडलेल्या नसेला ओढलं की ती आणखी चिडते.

ओळखायचं असं. ओढून धरल्यावर वीस-तीस सेकंदांत ताण सैल होत गेला, बोथट राहिला, मांडीच्या मधल्या मांसल भागातच राहिला, तर स्नायू. धरून ठेवलं तसा तीक्ष्ण होत गेला, वीज गेल्यासारखी रेघ गुडघ्याखाली उतरली, आणि पाय तसाच ठेवून नुसती हनुवटी छातीला लावली तरी ताण वाढला, तर ती नस. मानेचा आणि मांडीच्या स्नायूचा काही संबंध नाही, पण नसेचा आहे, ती वरपासून खालपर्यंत एकच दोरी आहे. अशा माणसाला "दुखलं तर दुखू दे" सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याला बूट घालता येत नाही.

बालाघाटी
हनुवटीचं माहीत नव्हतं. उद्या माझ्यावरच करून बघतो. पण दोन-तीन मुलं अशी आहेत की त्यांना नस बिस काही नाही, नुसती आळशी आहेत.

तेरणेची_सून
माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेत, सोलापूरला केले. त्यांना हा क्रम करायची फार हौस आहे, पण खालीच बसता येत नाही. वज्रासन नको हे कळलं, मार्जरासनही गुडघ्यावरच आहे की. मग त्यांनी काय फक्त शवासन करायचं? दुसरं, माझ्या स्वतःच्या गुडघ्यात वज्रासनातून उठताना कट्कन आवाज येतो आणि कधी कधी पाय अडकतो, सरळच होत नाही, हलवून सोडवावा लागतो. गोधडीची घडी पोटरी आणि मांडीच्या मध्ये ठेवली तर चालेल का?

मांजराकाठची
सासूबाईंसाठी मार्जरासन उभ्याने द्या ताई. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन्ही तळहात, पाय दीड हात मागे, गुडघे किंचित सैल. श्वास घेत छाती पुढे, श्वास सोडत पाठ गोल. आमच्या वर्गात एक आजी असंच करतात. सेतुबंध आणि पाठीवरचा श्वास पलंगावर होतो, फक्त गादी फार मऊ नको. हे स्लाइडवर छोट्या चौकटीत घालते. तुमच्या गुडघ्याचं मात्र सर सांगतील.

गोदाकाठ_फिजिओ
सासूबाईंसाठी ओट्याचं बरोबर आहे. बदललेला गुडघा किती वाकवायचा, त्यावर टेकायचं की नाही, ते शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एकदा विचारून घ्या, कारण सांध्याच्या प्रकारावर आणि जखम कशी भरली त्यावर फरक पडतो.

तुमच्या गुडघ्याबद्दल: नुसता आवाज, दुखणं नाही, सूज नाही, तर काळजी नको. पण पाय अडकणं आणि हलवून सोडवावा लागणं, हे आतल्या कूर्चेचा तुकडा मध्ये येत असल्याचं लक्षण असू शकतं. गोधडीची घडी ज्याचा गुडघा फक्त आखडला आहे त्याच्यासाठी, तिने वाकणं कमी होतं. अडकणाऱ्या गुडघ्याला घडी ठेवूनही वज्रासन नको, उकिडवं बसणंसुद्धा सध्या टाळा आणि दाखवून घ्या.

भोकरदनकर
श्वासाबद्दल कुणी बोलतच नाही. ताईंनी भुजंगासनात वर जाताना श्वास घ्यायला सांगितला, ते बरोबरच. छाती उघडते तेव्हा श्वास आत, पोट दबतं तेव्हा श्वास बाहेर, ही परंपरा. पण माझा पुतण्या व्यायामशाळेत जातो, तो म्हणतो जोर लावताना श्वास सोडायचा. मग वर जाताना सोडायला हवा. कोणतं खरं?

गोदाकाठ_फिजिओ
दोन्ही आपापल्या जागी. छाती उघडताना श्वास घेतला की बरगड्या सहज फुलतात, म्हणून परंपरेतली सूचना बहुतेकांना सोपी जाते. ज्याला उचलताना कंबरेत चमक येते त्याला मी श्वास सोडत वर यायला सांगतो, पोटाचे स्नायू जरा धरून राहतात. माझ्या दृष्टीने घेत की सोडत हा दुय्यम प्रश्न आहे, श्वास अडकतो की नाही हा पहिला.

यावरून ताई, स्लाइड ४ आणि ६ मधलं "श्वास घेत वर, थांबा, ५ मोजा" मला खटकलं. वाचणारी बाई श्वास घेईल आणि श्वासच धरून ५ मोजेल. छाती वर, पोट दाबलेलं आणि श्वास कोंडलेला, अशा वेळी बीपी झटकन चढतं. बीपीची गोळी चालू असलेल्या बाईला हे नको. "वर राहून ३ श्वास घ्या-सोडा" असं लिहा. आकडे मोजायला सांगितले की माणूस श्वास धरतो, श्वास मोजायला सांगितले की धरत नाही.

मांजराकाठची
खरं आहे, वर्गातही काही जणी गाल फुगवून मोजतात. दोन्हीकडे बदलते. तोंडाने एखादं गाणं गुणगुणता आलं पाहिजे एवढा सैल श्वास, अशी खूणही देता येईल.

भुजंगासनात श्वास घेत वर, हे मात्र मी ठेवणार आहे. माझ्या गुरूंनी असंच शिकवलं आणि नवीन बाईला छाती उघडणं त्यानेच कळतं. कंबरेत चमक आली तर वेगळं करा, असं वर्गात सांगेन.

गोदाकाठ_फिजिओ
हरकत नाही. मी मात्र माझ्या रुग्णांना सोडतच वर आणीन.

खाम_नदीकाठचा
संभाजीनगरहून. मी छपाई आणि डिझाइनचं काम करतो, आसनांतलं कळत नाही, पण चित्रांचं सांगतो. कॅरोझेल इन्स्टाग्रामवर एकत्र राहतं, व्हॉट्सअॅपवर नाही. तिथे कुणीतरी नुसतं भुजंगासनाचं चित्र उचलून "कंबरदुखीवर रामबाण" लिहून पुढे पाठवतं आणि सूचनेची स्लाइड मागे राहते. त्यामुळे कुणी कुठलं आसन सोडायचं ते त्या त्या आसनाच्या स्लाइडवरच, चित्राच्या आत लिहा. खाली मजकुरात लिहिलं तर चित्र पुढे जाताना तो गळतो. आणि अक्षर मोठं. ज्यांच्यासाठी लिहिताय त्यांना जवळचा चष्मा लागतो आणि सकाळी तो उशाशी राहिलेला असतो. एका स्लाइडवर पंचवीस-तीस शब्दांच्या वर नको. नऊच्या बारा स्लाइड झाल्या तरी चालतील, इन्स्टाग्राम आता वीसपर्यंत घेतं.

हिरवा आणि लाल बाण सुचवला आहे, पण काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. लाल बाणावर फुली मारा.

मांजराकाठची
फुलीचं मनावर घेतलं. "३ आणि ७ सोडा" ऐवजी मग त्या स्लाइडवरच "बसल्यावर-वाकल्यावर दुखणाऱ्यांनी हे सोडा" असं येईल. सर, चालेल ना?

गोदाकाठ_फिजिओ
हे जास्त चांगलं. दुसऱ्या स्लाइडवरचे दोन प्रश्न तरी ठेवा, आणि त्यांच्याखाली एक तिसरी ओळ, ठळक. ती कुठल्याही आसनाला लागू नाही म्हणून तिला स्वतंत्र जागा हवी: "लघवी अडकणं किंवा नकळत होणं, दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: आसन नाही, आजच दवाखाना." चकती मोठी सरकून नसांचा गुच्छ दाबला गेला तर असं होतं, आणि तिथे तास मोजावे लागतात. पंधरा दिवस मालीश करून आलेली माणसं मी बघितली आहेत, पाऊल पुन्हा उचललं नाही. लातूर, नांदेड, अंबाजोगाई, संभाजीनगर, चारही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. गाडी नसेल तर १०८.

अजून एक, सकाळच्या वर्गाबद्दल. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, उठल्यावर पहिला तासभर त्या ताठ असतात. त्या वेळी पुढे वाकलं की त्यांच्यावर जास्त भार येतो. वाकल्यावर दुखणाऱ्या बाईला उठल्या उठल्या शशांकासनच काय, वाकून अंगण झाडणंही टाळायला सांगा. वर्ग साडेपाचचा असेल तर तिचा क्रम पालथं पडण्यापासून सुरू करा.

तेरणेची_सून
अंगण झाडणं टाळा म्हणे! सर, हे आमच्या घरात येऊन सांगा.

गोदाकाठ_फिजिओ
लांब दांड्याचा झाडू घ्या. धाराशिवच्या बाजारात मिळतो, मी विचारलं आहे.

औंढ्याची_लेक
माझ्या आईला हाडं ठिसूळ झालीत म्हणून गोळ्या चालू आहेत. ती वाकल्यावर-बसल्यावर दुखत नाही म्हणते. मग तिनं सगळंच करायचं का?

गोदाकाठ_फिजिओ
चांगलं विचारलंत, हे माझ्या दोन प्रश्नांत बसत नाही. ठिसूळ हाडांच्या माणसाने दुखत नसलं तरी पाठ गोल करून खोल वाकायचं नाही, आणि झटका देऊन पिळायचंही नाही. मणक्याचा पुढचा भाग चेपला जाऊ शकतो, कधी कधी नुसत्या वाकण्या-उचलण्याने, पडायचीही गरज नसते. पवनमुक्तासन एका पायाने, हलक्या हाताने, डोकं जमिनीवरच ठेवून ठीक. शशांकासन नको. वर्षानुवर्षं दम्याच्या किंवा सांध्यांच्या आजारासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांनाही हेच. अचानक पाठीच्या मधोमध एका जागी कळ आली आणि उंची कमी झाल्यासारखी वाटली तर एक्स-रे काढायचा.

भोकरदनकर
म्हणजे ताईंच्या पहिल्या ओळीत "पुढे वाकू नका" होतं ते या आईंना लागू आहे, दाजींना नाही, मला आहे. आणि माझं रामबाण मला लागू आहे, दाजींना नाही. एवढं सगळं गावातली बाई लक्षात ठेवणार कसं? मला अजूनही वाटतं, एकदा समोर बसून शिकल्याशिवाय हे चित्रावर देऊच नये.

मांजराकाठची
दादा, त्या चित्रावरून करणारच आहेत, माझं नसलं तर दुसऱ्या कुणाचं. बदललेल्या दोन स्लाइड टाकते, यांत काही राहिलं असेल तर सांगा.

स्लाइड २: "आधी हे चार प्रश्न.
बसल्यावर-वाकल्यावर कंबर जास्त दुखते? ▼ खूण असलेलं आसन सोडा.
उभं राहिल्यावर-चालल्यावर दुखते, बसलं की बरं वाटतं? ▲ खूण असलेलं आसन सोडा.
हाडं ठिसूळ? ▼ सोडा, दुखत नसलं तरी.
लघवी कळत नाही किंवा अडकते, बसायची जागा बधिर, पाऊल उचलत नाही? आजच दवाखाना. १०८."

स्लाइड ६: "▲ भुजंगासन, पहिली पायरी. पालथं पडा, कपाळ हातांवर, २ मिनिटं. मग कोपरांवर या, पोट जमिनीलाच. १० संथ श्वास, श्वास कुठेही धरू नका. पायातली कळ वर सरकली तर चालू ठेवा. खाली उतरली तर थांबा ✗."

दुधनाकाठ, दाजींना दाखवल्यावर काय सांगितलं ते इथे जरूर लिहा. ▲च्या सूचनेत "सेतुबंधासनात कंबर थोडीच उचला" ठेवायचं की सरळ सोडायला सांगायचं, ते माझं अजून ठरलं नाही.

गोदाकाठ_फिजिओ
सेतुबंधाचं मीही रुग्ण बघूनच ठरवतो. कंबर उचलताना पाय जड झाले तर सोडायचं, नाही झाले तर एक वीत उचलायला हरकत नाही. स्लाइडवर "पाय जड झाले तर सोडा" एवढंच लिहा.